‘कबूल’च्या आधीचं वाक्य

माझी भाची कॉलेजला आहे आणि मोबाइलवर छोटे व्हिडिओ करते. मोहल्ल्यातली जुनी घरं, ईदचा शीरखुर्मा, असे तिचे विषय. काही महिन्यांपूर्वी ती मैत्रिणीच्या बहिणीच्या निकाहचं शूटिंग करून आली आणि मला दाखवायला बसली. काझीसाहेब काहीतरी लांबलचक बोलतात, मागे पंख्याचा आणि पोरांचा आवाज, मग नवरदेवाचं ‘कबूल किया’ तेवढं स्पष्ट ऐकू येतं. खारकांची पाकिटं वाटली जातात, लोक गळाभेट घेतात, संपलं.

“खाला, त्याच्या आधी काझीसाब काय म्हणतात?” तिने विचारलं. मी वाक्य सांगितलं. त्यात मेहर आला. त्यावर तिचा पुढचा प्रश्न होता, “मेहर म्हणजे उलटा हुंडाच ना?”

मी वीस वर्षं उर्दू आणि मराठी शिकवते. तरी क्षणभर थांबले. तिची आई माझी सख्खी बहीण, घरात उर्दू बोलली जाते; पण भाची इंग्रजी शाळेत शिकली, उर्दू लिपी तिला येत नाही. तिच्या वयाच्या बहुतेक मुलामुलींचं तसंच आहे. निकाहला ती शंभरदा गेली असतील, पण काय घडतं ते त्यांना कुणी सांगितलेलं नाही. ती म्हणाली, आठ मिनिटांची संहिता लिहून द्या, मी वाचते. मी लिहायला बसले आणि लिहिता लिहिता आमच्याच घरातले दोन कागद-किस्से त्यात आले. आठ मिनिटांत ते मावले नाहीत. इथे सगळं देते. बोलणं तिच्या प्रेक्षकांशी आहे, म्हणून ‘मुलांनो’ म्हटलं आहे. मोठ्यांनीही वाचायला हरकत नाही.

भाग १ : कोण, कुठे, काय विचारतं

मुलांनो, सिनेमातला निकाह विसरा. तिथे पडद्याच्या दोन बाजूंना दोघं बसतात आणि तीन-तीनदा ‘कबूल है’ म्हणतात. आपल्याकडे बहुतेक निकाहांत नवरी मंडपात नसतेच. ती आतल्या खोलीत बायकांमध्ये बसलेली असते. आधी तिच्याकडे तीन पुरुष जातात: एक वकील आणि दोन गवाह. हा वकील कोर्टातला नव्हे. नवरीच्या वतीने बोलण्याचा अधिकार ज्याला दिला जातो तो. बहुधा मामा, चाचा किंवा खालू असतो. तो तिला नवऱ्याचं नाव, त्याच्या वडिलांचं नाव आणि मेहरची रक्कम सांगून विचारतो की तुझी इजाजत आहे का. गवाह ते ऐकतात. ती हो म्हणते, सही करते. मग ते बाहेर येतात, काझींना सांगतात, आणि तेव्हाच बाहेरचं काम सुरू होतं.

म्हणजे क्रमाने पाहिलं तर पहिला प्रश्न मुलीला विचारला जातो. तिचं ‘हो’ आलं नाही तर बाहेर बसलेल्या पाचशे माणसांना काहीच करता येत नाही. कोकणातले मुस्लिम शाफई पंथाचे आहेत. त्यांच्याकडे मुलीच्या वलीचं, म्हणजे बहुधा वडिलांचं, बोलणं आवश्यक असतं. आमच्या सोलापूरकडचे आम्ही हनफी. थोडाफार फरक आहे, पण मुलीची संमती आणि मेहर दोन्हीकडे आहेत.

काझी मग खुतबा पढतात आणि नवरदेवाला विचारतात. शब्द जागोजागी बदलतात, पण वाक्याची ठेवण साधारण अशी असते: अमुकची मुलगी अमुक हिला, दैन-मेहर इतके रुपये सिक्का राइजुल-वक्त याच्या बदल्यात, दोन गवाहांच्या समोर, तुमच्या निकाहात दिलं, तुम्ही कबूल केलं? याला तो ‘कबूल किया’ म्हणतो. समोरून प्रस्ताव येतो तो ईजाब, त्याला होकार म्हणजे कबूल. एकदा स्पष्ट म्हटलं तरी निकाह होतो. तीनदा म्हणवून घेणं हा रिवाज आहे, सगळ्यांना नीट ऐकू यावं म्हणून.

या वाक्यात एक शब्द आहे, त्याच्याकडे लक्ष द्या: ‘दैन’. अरबीत दैन म्हणजे कर्ज. ‘सिक्का राइजुल-वक्त’ म्हणजे त्या वेळी चालणारं नाणं. म्हणजे नवरदेव ज्या वाक्याला ‘कबूल’ म्हणतो, त्यात तो दोन गोष्टी कबूल करतो. ही माझी बायको, आणि मी तिचा इतक्या रकमेचा कर्जदार.

भाग २ : पैसे कुणाचे

आता ‘उलटा हुंडा’. हुंडा मुलीचे आईवडील देतात आणि तो मुलाच्या घरी जातो. मेहर मुलगा देतो, पण तो मुलीच्या बापाकडे जात नाही. तो मुलीच्या स्वतःच्या हातात जातो. तिने तो बँकेत ठेवावा, दागिना करावा, धंद्यात घालावा. नवऱ्याला विचारायची गरज नाही. १९६१ च्या हुंडाबंदी कायद्यानेही हुंड्याच्या व्याख्येतून मेहर स्पष्ट शब्दांत वगळला आहे.

हे नेहमीच असं नव्हतं. इस्लामपूर्व अरबस्तानात लग्नाच्या वेळी दिलं जाणारं धन बहुधा मुलीचा बाप किंवा पालक ठेवून घेई. शिवाय तिथे शिगार नावाची चाल होती. तू तुझी मुलगी मला दे, मी माझी तुला देतो, दोघींनाही मेहर नाही. आपल्या मराठीत याला साटंलोटं म्हणतात. गावाकडे हा शब्द अजून ऐकू येतो, आणि ती चाल मुसलमानांची म्हणून नव्हे, सगळ्याच समाजांत होती. शिगारमध्ये एका मुलीची किंमत दुसऱ्या मुलीत फिटायची. दोघींच्या हाती काहीच लागत नसे. हजरत पैगंबरांनी (स.) शिगारला मनाई केली, ती बुखारी आणि मुस्लिम या दोन्ही हदीससंग्रहांत नोंदलेली आहे.

कुरआनच्या चौथ्या सूरेत, सूरह निसाच्या चौथ्या आयतीत, याबद्दल थेट आदेश आहे. त्याचा आशय असा की स्त्रियांना त्यांचे मेहर खुशीने द्या; त्यांनी आपल्या मनाने त्यातलं काही सोडलं तर ते तुम्ही वापरू शकता. मेहर ‘त्यांना’ द्या असं म्हटलं, तिथेच बापाचा हात बाजूला झाला. आणि तिथे मेहर देण्यासाठी जो शब्द आहे, ‘निहला’, त्यात मन मोकळं ठेवून दिलेल्या देणगीचा भाव आहे. काझींच्या वाक्यातल्या ‘बदल्यात’ या शब्दावरून कुणाला वाटेल की ही मुलीची किंमत आहे. किंमत असती तर ती विकणाऱ्याला मिळाली असती. इथे विकणारा कुणी नाही, पैसे तिलाच मिळतात.

या आयतीतला ‘आपल्या मनाने सोडलं तर’ हा तुकडा लक्षात ठेवा. शेवटी त्याच्याकडे परत यायचं आहे.

भाग ३ : किती

किती मेहर असावा याला वरची मर्यादा नाही. खालची आहे का, यावर पंथांमध्ये मतभेद आहे. हनफींच्या मते कमीत कमी १० दिरहम, म्हणजे आजच्या वजनात सुमारे ३०.६ ग्रॅम चांदी. शाफईंच्या मते अशी खालची मर्यादा नाही. ज्याला काही मोल आहे ती कोणतीही वस्तू चालते. त्यांच्या बाजूने एक प्रसिद्ध हदीस आहे. एका गरीब माणसाला लग्न करायचं होतं. पैगंबरांनी (स.) त्याला काहीतरी शोधून आणायला सांगितलं, लोखंडाची अंगठी का असेना. तीही मिळाली नाही, तेव्हा त्याला कुरआनचा जो भाग येत होता त्यावर निकाह लावून दिला. म्हणजे एकाच राज्यात, रत्नागिरीतल्या आणि सोलापुरातल्या दोन काझींचं या एका मुद्द्यावर उत्तर वेगळं येऊ शकतं, आणि दोघंही आपापल्या पंथाप्रमाणे बरोबर असतात.

‘मेहर-ए-फातिमी’ हा शब्द तुम्ही ऐकला असेल. हजरत अली यांच्याकडे हजरत फातिमांना द्यायला काही नव्हतं. तेव्हा पैगंबरांनी (स.) त्यांना त्यांच्या चिलखताची आठवण करून दिली, आणि ते चिलखत मेहर म्हणून दिलं गेलं. सैनिकाकडची बहुधा सर्वांत महागाची वस्तू. पैगंबरांच्या पत्नींचा मेहर हजरत आयशांच्या कथनाप्रमाणे साडेबारा औकिया, म्हणजे ५०० दिरहम होता. आपल्याकडचे उलेमा मेहर-ए-फातिमीचा हिशोब यावरूनच करतात. ५०० दिरहम म्हणजे १३१ तोळे ३ मासे चांदी. ग्रॅममध्ये सुमारे १,५३१, म्हणजे दीड किलोहून थोडी जास्त.

इथे मुद्दा चांदीचा आहे. मेहर मुळात नाण्यांत, आणि नाणी चांदीची. आपण तो कागदी रुपयात लिहितो. लिहिलेला आकडा तिथेच राहतो, त्याची किंमत मात्र उतरत जाते. याचा दाखला म्हणून मी माझ्याच बहिणीचा, म्हणजे तुमच्या या निवेदिकेच्या आईचा, निकाहनामा बघायला मागितला.

भाग ४ : एका अक्षराचा घोटाळा

निकाह २००२ चा. छापील फॉर्म मराठीत. वरती नावं, पत्ते, गवाहांच्या सह्या. मेहरच्या रकान्यात लिहिलं होतं: ‘रु. ११,०००/- (मुअज्जल)’.

मी बहिणीला विचारलं, मुअज्जल म्हणजे काय समजतेस? ती म्हणाली, “नंतरचा. तलाक झाला किंवा माणूस गेला तर मिळतो तो.” दाजींना विचारलं. तेही तेच म्हणाले. दोघांनाही हे कुणी सांगितलं नव्हतं, असंच असतं असं त्यांनी गृहीत धरलेलं.

आता मुलांनो, हा भाग माझ्या विषयाचा आहे, म्हणून जरा सावकाश. उर्दूत दोन शब्द आहेत. दोन्ही अरबीतून आले, दोन्हींचा उच्चार आपल्या तोंडी जवळजवळ सारखा. एक लिहिताना मीमनंतर ‘ऐन’ हे अक्षर येतं. हा ‘उजलत’ या शब्दाचा भाऊ. उजलत म्हणजे घाई. म्हणून ऐनवाला मुअज्जल म्हणजे तातडीचा मेहर, जो निकाह होताच देणं लागतो आणि बायको केव्हाही मागू शकते. दुसरा लिहिताना मीमनंतर वाव आणि त्यावर ‘हमजा’ हे चिन्ह येतं. हा ‘अजल’चा भाऊ, अजल म्हणजे ठरलेली मुदत, म्हणून उर्दू शायरीत मृत्यूलाही अजल म्हणतात. तर हमजावाला मुअज्जल म्हणजे मुदतीचा मेहर. तारीख लिहिली असेल तर त्या तारखेला, नसेल तर तलाक किंवा मृत्यूच्या वेळी देय.

उर्दू लिपीत हे दोन शब्द वेगळे दिसतात. देवनागरीत ऐन नाही आणि हमजाही नाही. दोन्ही शब्द ‘मुअज्जल’ असेच लिहिले जातात. काही जण दुसरा ‘मुवज्जल’ लिहून फरक दाखवतात, पण सगळे नाही. म्हणजे ज्या कागदावर दोन विरुद्ध अर्थांपैकी एक हवा, तिथे आपण दोन्ही अर्थ होऊ शकतील असा शब्द लिहून ठेवला.

बहिणीच्या कागदाचा निकाल कसा लावायचा? निकाहनाम्याची एक नोंद काझींच्या वहीतही असते. आम्ही तिथे गेलो. जुने काझीसाहेब आता नाहीत. त्यांच्या मुलाने कपाटातून वही काढली, वर्ष आणि महिन्यावरून पान शोधलं. नोंद उर्दूत होती. अक्षर घाईचं, पण मीमनंतरचं अक्षर स्पष्ट होतं. ऐन.

म्हणजे ते ११,००० रुपये निकाहच्या दिवसापासून देय होते. वीसहून जास्त वर्षं दाजी त्या रकमेचे कर्जदार होते आणि दोघांनाही ते ठाऊक नव्हतं.

आता हिशोब करा. २००२ साली चांदी किलोला आठ हजारांच्या आसपास होती. म्हणजे त्या वर्षी मेहर-ए-फातिमी साधारण बारा हजारांचा भरायचा. ११,००० हा आकडा कुणीतरी विचार करून, त्याच्या जवळपास ठरवला असावा. सोन्यात मोजलं तर तेव्हा त्यात दोन तोळ्यांच्या आसपास सोनं आलं असतं. आज तेवढ्याच चांदीला लाखाच्या वर मोजावे लागतात, आणि ११,००० मध्ये एक चांगला मोबाइलही येत नाही. पण देणं मात्र ११,००० च आहे, कारण कागदावर रुपये लिहिले आहेत. मेहर वेळेवर न दिल्याचं नुकसान देणाऱ्याचं होत नाही, घेणारीचं होतं.

दाजी पुढच्या पगाराला पाकीट घेऊन आले. आत ११,००० होते, आणि वेगळ्या डबीत कानातले. ते म्हणाले, पाकीट कर्जाचं, डबी उशिराची. बहिणीने पाकीट मोजून घेतलं. मोजून घ्यायला मी सांगितलं होतं.

भाग ५ : ‘बख्श दो’

शेवटचा भाग लिहिताना मला माझी फुप्पी आठवली.

मी तेव्हा दहा-अकरा वर्षांची असेन. फुप्पांचा इंतकाल झाला होता. आंगणात जनाजा ठेवला होता. घरातल्या बायका फुप्पीला दोन्ही बाजूंनी धरून उभ्या होत्या. तिला रडून रडून उभंही राहता येत नव्हतं. तेवढ्यात नात्यातल्या एका वडीलधाऱ्या बाईने तिच्या कानाशी म्हटलं, “मेहर बख्श दो.” फुप्पी काहीच बोलली नाही. दुसरीने म्हटलं, मग तिसरीने. कुणीतरी म्हणालं, नाहीतर मय्यतीवर बोजा राहील. फुप्पीने मान हलवली. “बख्श दिया,” बायकांनीच मोठ्याने सांगितलं, आणि पुरुषांनी जनाजा उचलला.

मला तेव्हा वाटलं हीच मय्यतीची रीत असेल, गुस्ल-कफनसारखी. पुढे अभ्यास केला तेव्हा कळलं की मय्यतीच्या विधीत असं काहीच नाही. गुस्ल आहे, कफन आहे, जनाज्याची नमाज आहे, दफन आहे. विधवेकडून मेहर माफ करून घेणं कुठेच नाही. जे आहे ते याच्या उलट आहे. मृताच्या मालमत्तेतून आधी कफन-दफनाचा खर्च, मग त्याची कर्जं, मग वसियत असेल तर ती, आणि मग उरलेल्याची वारसांत वाटणी. मेहर ‘दैन’ आहे, म्हणून तो कर्जांत येतो, वाटणीच्या आधी. ‘मय्यतीवर बोजा’ ही भीती खोटी नाही. कर्ज राहिलं तर बोजा आहेच. पण तो उतरवण्याचा मार्ग कर्ज फेडणं हा आहे.

आकड्यांत पाहा. एक माणूस आठ लाखांची मालमत्ता ठेवून गेला. मागे बायको आणि मुलं. दुसरं कर्ज नाही, वसियत नाही, कफन-दफनाचा खर्च सोडून देऊ. मेहर एक लाख, न दिलेला. आधी बायकोला तिचा एक लाख. उरले सात लाख. मुलं असताना बायकोचा वारसाहक्क एक अष्टमांश, म्हणजे ८७,५००. एकूण तिच्या हाती १,८७,५००. तिने जनाज्यापाशी मेहर माफ केला, तर आठ लाखांचा अष्टमांश, फक्त एक लाख. तीन बायकांनी कानात म्हटलेल्या त्या तीन शब्दांची किंमत इथे ८७,५०० रुपये झाली, आणि ती मय्यतीला नव्हे, इतर वारसांना मिळाली.

अशी माफी खरी धरायची का? आता सूरह निसाचा तो तुकडा आठवा: आपल्या मनाने सोडलं तर. पतीच्या प्रेतापाशी, चार जणींनी धरलेल्या बाईचं मन किती ‘आपलं’ असतं? हा प्रश्न कोर्टातही गेला आहे. १९२० मध्ये कलकत्ता उच्च न्यायालयाने अशाच एका प्रकरणात म्हटलं की पतीच्या मृत्यूच्या दुःखात असताना दिलेली माफी ही मोकळ्या मनाची संमती नाही, ती त्या बाईवर बंधनकारक नाही. त्याच्या चार वर्षं आधी, १९१६ मध्ये, लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलने मेहर हे कर्ज आहे हे मान्य केलं होतं, आणि हेही की विधवेच्या ताब्यात पतीची मालमत्ता रीतसर आलेली असेल तर मेहर मिळेपर्यंत ती तो ताबा ठेवू शकते. शंभर वर्षांपूर्वीचे निकाल आहेत. आमच्या आंगणात ते कुणालाच माहीत नव्हते.

बायको मेहर सोडू शकते, हे खरं. तिचा पैसा आहे, तिची मर्जी. पण त्यासाठी तिला रक्कम माहीत हवी, तो आपला हक्क आहे हे माहीत हवं, आणि नाही म्हणता यायला हवं. फुप्पीला यातलं काहीच शक्य नव्हतं.

संहितेचा शेवट

शेवटी प्रेक्षकांनी काय करायचं? भाची म्हणाली, एखादा संदेश द्या. मी तिला संदेशाऐवजी तीन कामं लिहून दिली.

पहिलं, घरी आईचा निकाहनामा शोधा आणि मेहरचा रकाना वाचा. ‘मुअज्जल’ असेल तर काझींच्या वहीत जाऊन ऐन आहे की हमजा ते बघा, सोबत उर्दू येणारं कुणीतरी न्या. दुसरं, पुढच्या निकाहात, तुमच्या किंवा बहिणीच्या, कागदावर साध्या मराठीत लिहून घ्या: ‘तातडीचा, निकाहच्या वेळी अदा’ किंवा ‘मुदतीचा, अमुक तारखेपर्यंत’. अर्धा-अर्धा ठेवला तरी चालतो, मग दोन्ही रकमा वेगळ्या लिहा. तिसरं, मेहर मुदतीचा ठेवायचाच असेल तर नुसते रुपये लिहू नका. ‘१,५३१ ग्रॅम चांदी, किंवा अदा करण्याच्या दिवशी तिची जी किंमत असेल ती’ असं, किंवा ठरेल तितकं सोनं, लिहून घ्या. काझी बहुधा हरकत घेत नाहीत, फक्त कुणीतरी आधी सांगावं लागतं. सह्यांच्या वेळी सांगून उपयोग नाही, तेव्हा सगळे जेवणाच्या घाईत असतात.

व्हिडिओ झाला. भाचीने फुप्पीचा भाग आधी काढून टाकला होता. म्हणाली, लग्नाच्या व्हिडिओत मय्यत कशाला? मी तिला फुप्पीकडे घेऊन गेले. फुप्पी आता ऐंशीच्या पुढे आहे, ऐकू कमी येतं. भाचीने जोरात विचारलं, “दादी, तुमचा मेहर किती होता?”

फुप्पीने बराच वेळ आठवलं. मग म्हणाली, “ते मला कधी कुणी सांगितलंच नाही, बेटा.”

परत येताना भाची काही बोलली नाही. रात्री तिने तो भाग पुन्हा जोडला.